मान पंच्याहत्तर अंशांत वळली असेल तर: चेहरा बदलण्याआधीची तयारी

रावेरकडच्या केळीच्या बागेत शूट केलेला चार सेकंदांचा शॉट आहे. बांधावरून मोटरसायकल येते. चालवणारा आधी जवळजवळ कॅमेऱ्याकडे बघतो आणि मग मान वळवत पार बाजूला, तापीच्या दिशेला बघतो. गाडी नायकाऐवजी त्याच्या डबलने, म्हणजे बदली माणसाने चालवली आहे आणि चेहरा नायकाचा लावायचा आहे. समोरून दिसणारा चेहरा बदलणं आता अवघड राहिलेलं नाही. खरी कसोटी लागते ती मान साठ-सत्तर अंशांत वळल्यावर, आणि तिथे सगळं एका आकड्यावर येऊन ठेपतं: डोकं नेमकं किती वळलंय? हा आकडा मिळवायचा तर चेहऱ्याचं त्रिमितीय मॉडेल प्रत्येक फ्रेमवर बसवावं लागतं. त्यासाठी काय काय हाताशी लागतं आणि ते कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे सांगतो.

सगळ्यात आधी कागद. नायकाची लेखी संमती हवी, आणि डबलचीही हवी, कारण चेहरा त्याचा पुसला जाणार आहे. कोणत्या शॉटमध्ये कोणाचा चेहरा लागणार हे त्या कागदावर स्पष्ट लिहा. सह्या झाल्याशिवाय आम्ही फोटोसुद्धा काढत नाही.

मग कॅमेरा. झूम आणि फोकस लॉक करा आणि फोनवर शूट करत असाल तर स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. स्टॅबिलायझेशन चालू असलं की फोन प्रत्येक फ्रेम थोडी वेगळी कापतो, आणि मग चित्राचा मध्य कुठे आहे हेच कळत नाही. त्याच सेटिंगवर बुद्धिबळपटासारखा काळापांढरा चौकटीचा कागद वेगवेगळ्या कोनांतून पंधरा-वीस वेळा टिपा आणि त्यावरून कॅमेऱ्याची फोकल लांबी पिक्सेलमध्ये काढून ठेवा. आमच्या कॅमेऱ्याची सुमारे 1500 पिक्सेल निघाली. हा आकडा पुढे लागणार आहे.

त्यानंतर नायकाचे फोटो. फिरतं स्टूल घ्या, जमिनीवर खडूने दर पंधरा अंशांवर खूण करा आणि समोरपासून पूर्ण बाजूपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडेही, तोंड मिटून फोटो घ्या. मग तोंड उघडं ठेवून आणि डोळे बारीक करूनही तेवढेच फोटो घ्या. एका बाजूचा फोटो उलटवून दुसऱ्या बाजूला वापरू, असं म्हणू नका. आमच्या नायकाच्या डाव्या गालावर तीळ आहे आणि त्याचा भांगही एका बाजूला पडतो. असा उलटा चेहरा प्रेक्षक सांगू शकत नाही, पण ओळखतो.

याच बैठकीत पट्टी आणि वही घेऊन डबलची दोन मापं काढा. ही मापं घ्यायला मला कोणी शिकवलं नव्हतं, पण आता ती मी कधीच सोडत नाही. पहिलं माप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून चेहऱ्याच्या मध्यरेषेपर्यंतचं. आमच्या डबलचं 4.5 सेंटीमीटर भरलं. दुसरं माप बाजूने घ्यायचं: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापेक्षा नाकाचा वरचा दांडा किती पुढे आहे. ते 2 सेंटीमीटर भरलं. डोकं वळत जातं तसा पलीकडचा डोळा नाकाच्या दांड्याकडे सरकतो आणि एका कोनाला त्याचा बाहेरचा कोपरा दांड्यामागे लपतो. तो कोन या दोन मापांवरूनच निघतो: 4.5 भागिले 2 म्हणजे 2.25, आणि ज्या कोनाचा टॅन्जंट 2.25 असतो तो सुमारे 66 अंशांचा. त्यामुळे या डबलच्या कोणत्याही फ्रेममध्ये पलीकडच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा दिसत असेल तर वळण 66 पेक्षा कमी, आणि लपला असेल तर जास्त. कॅमेरा अगदी जवळ असेल तर एखाद-दोन अंश इकडेतिकडे होतात, पण चूक पकडायला एवढं पुरतं. चेहरा बदलायच्या माणसाची, म्हणजे डबलचीच मापं घ्या. नायकाची इथे कामाची नाहीत.

आता मॉडेल. चेहऱ्याचं सांख्यिक त्रिमितीय मॉडेल ही कल्पना ब्लान्झ आणि फेटर यांनी 1999 मध्ये मांडली. खूप लोकांचे चेहरे स्कॅन करायचे, त्यांचा सरासरी चेहरा काढायचा आणि चेहरे एकमेकांपासून ज्या ज्या दिशांनी वेगळे होतात त्यांना एकेक आकडा द्यायचा. 2009 चं बेसल मॉडेल 200 जणांच्या स्कॅनवरून बनलं, आणि त्यांतले बहुतेक युरोपियन होते. आपल्याकडच्या नाकाचा किंवा जबड्याचा आकार त्यात पुरता बसेलच असं नाही, म्हणून मॉडेल थोडं कमी पडणार हे धरूनच चला. 2017 चं फ्लेम मॉडेल 5023 बिंदूंचं आहे आणि त्यात जबडा व मान वेगळी हलवता येते. आम्ही तेच घेतो. परवान्याच्या अटी आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून ज्या आवृत्तीवर काम करणार तिच्या अटी वाचून घ्या.

फिटिंगमध्ये, म्हणजे हे मॉडेल फ्रेमवर बसवताना, तीन गोष्टी शोधायच्या असतात: माणसाचा मूळ आकार, त्या क्षणीचे हावभाव आणि डोक्याची स्थिती. मूळ आकार फ्रेमगणिक बदलत नाही. तरीही सुरुवातीला मी तो प्रत्येक फ्रेमला मोकळा सोडत होतो, आणि त्यामुळे जे झालं ते तपशिलात सांगण्यासारखं आहे.

शॉट 100 फ्रेमचा, सेकंदाला 25. चित्रातल्या चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू, म्हणजे लँडमार्क, शोधून देणारा प्रोग्रॅम म्हणजे डिटेक्टर. पहिल्या खेपेला मी त्याने दिलेले सगळे 68 लँडमार्क वापरले. आकडेवारी सुरेख दिसत होती. मॉडेलचे बिंदू चित्रातल्या बिंदूंपासून सरासरी तीनएक पिक्सेलच लांब होते. वळणाचा आलेख 15 अंशांपासून चढत गेला आणि 55 जवळ येऊन सपाट झाला. त्याच फिटिंगवर नायकाचा चेहरा बसवला तेव्हा आमचा धुळ्याचा एडिटर पहिल्याच प्ले-बॅकला म्हणाला, "भाऊ, नाक बाजूले सरकी गये ना." नाक सरकलं होतंच, शिवाय पलीकडचा गाल फुगल्यासारखा दिसत होता. मग फ्रेम 80 थांबवून पाहिली. डबलच्या पलीकडच्या डोळ्याचा कोपरा दांड्यामागे पूर्ण लपलेला होता. म्हणजे वळण 66 च्या वर असायलाच हवं होतं, आणि मॉडेल 55 सांगत होतं.

दोष जबड्याच्या बिंदूंचा होता. 68 पैकी पहिले 17 बिंदू कानापासून हनुवटीवरून दुसऱ्या कानापर्यंत जातात. मॉडेलवर त्यांच्या जागा कायमच्या ठरलेल्या असतात. डोकं वळलं की पलीकडचा जबडा गालामागे जातो, पण बरेचसे डिटेक्टर ते बिंदू त्याच्या मागे नेत नाहीत, चेहऱ्याची जी कड दिसते तिच्यावरच ठेवतात. मग मॉडेलला वाटतं की जबडा आणखी बाहेर आहे. तिथवर पोचायचे दोनच मार्ग त्याच्याकडे असतात: डोकं कमी वळवायचं किंवा चेहरा रुंद करायचा. आकार मोकळा असल्यामुळे त्याने दोन्ही केलं आणि वर अंतरही कमी दाखवलं. म्हणून सरासरी अंतर कमी आलं एवढ्यावर फिटिंग बरोबर आहे असं कधीही समजू नका.

त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी डबलच्या वेगवेगळ्या कोनांतल्या दहा-बारा स्वच्छ फ्रेम एकत्र घेऊन मूळ आकार एकदाच काढा आणि तो बंद करा. मग जबडा बाजूला ठेवून, भुवया, नाक आणि डोळे यांच्यापैकी जे खरोखर दिसतात तेवढ्याच बिंदूंवर डोक्याची पहिली स्थिती काढा:

```python
idx = [i for i in range(17, 48) if visible[i]]
ok, rvec, tvec = cv2.solvePnP(
    model[idx], image[idx], K, dist,
    rvec_prev, tvec_prev, True,
    flags=cv2.SOLVEPNP_ITERATIVE)
```

`solvePnP` मॉडेलचे बिंदू चित्रातल्या बिंदूंशी जुळवून डोक्याची स्थिती काढतं. `K` मध्ये चौकटीच्या कागदावरून काढलेली फोकल लांबी आणि चित्राचा मध्य असतो, `dist` मध्ये लेन्समुळे चित्रात येणारा वाकडेपणा. `visible` तुम्हाला भरायचं आहे. मागच्या फ्रेमच्या स्थितीत मॉडेल रेंडर करा, जे बिंदू मॉडेलच्याच पृष्ठभागामागे जातात ते वगळा. सुरुवात मागच्या फ्रेमपासूनच होते, त्यामुळे उत्तर उड्या मारत नाही. स्थिती मिळाली की जबड्याचे बिंदू परत आणा, पण आता त्यांच्या जागा मॉडेलवर नव्याने शोधा. गालावरून जबड्याकडे जाणाऱ्या बिंदूंच्या प्रत्येक आडव्या ओळीत, या स्थितीत जो बिंदू सगळ्यात बाहेर दिसतो तो निवडा. पुन्हा बसवा, पुन्हा निवडा. दोन-तीन फेऱ्यांत जागा स्थिर होतात. याच शॉटला आलेख 15 पासून सलग चढत 74 पर्यंत गेला. डोळ्याचा कोपरा नजरेने फ्रेम 64 ला लपताना दिसत होता, आणि त्या फ्रेमला फिटिंगने 65 अंश सांगितले.

आणखी एक सापळा उरतो आणि तो फोकल लांबीशी जोडलेला आहे. `solvePnP` वळण सांगतं ते कॅमेऱ्याच्या अक्षाच्या मानाने. पण चेहऱ्याची कोणती बाजू दिसते हे ठरतं कॅमेऱ्यापासून त्या चेहऱ्यापर्यंतच्या सरळ रेषेवरून. चेहरा फ्रेमच्या मध्यावर असेल तर दोन्ही एकच. मोटरसायकल फ्रेमच्या काठाशी असताना चेहरा मध्यापासून 700 पिक्सेल बाजूला होता. 700 भागिले 1500 या टॅन्जंटचा कोन सुमारे 25 अंश, म्हणजे तेवढा फरक. नायकाचा कोणता फोटो घ्यायचा हे ठरवताना आणि डोळ्याच्या कोपऱ्याची चाचणी करताना हा फरक वजा किंवा मिळवून घ्या. चेहरा मध्याकडे बघतोय की बाहेर, यावर वजा की मिळवणी ते ठरतं. खात्रीसाठी एकच फ्रेम डोळ्यांनी पाहा. आमच्या शॉटमध्ये फ्रेम 60 नंतर गाडी मध्यावर आली होती, म्हणून वरचा 64 चा ताळा थेट जुळला.

फ्रेम-फ्रेममधली थरथर घालवताना तीन कोन वेगवेगळे गुळगुळीत करू नका. वळण नव्वदच्या जवळ आलं की बाकीचे दोन कोन एकमेकांत मिसळतात आणि अचानक उलटे होतात. क्वाटर्निअनवर, म्हणजे सगळं वळण एकत्र सांगणाऱ्या चार आकड्यांवर गुळगुळीत करा.

रेंडरला बसण्याआधी तीन फ्रेम छापून टेबलावर ठेवा: पहिली, कोपरा लपण्याची आणि शेवटची. तिन्हींवर मॉडेलची जाळी अर्धपारदर्शक टाका आणि नाकाचा दांडा, पलीकडच्या गालाची कड व अलीकडचा कान एवढंच तपासा. कान हा मॉडेलचा सगळ्यात कच्चा भाग असतो, म्हणून तो नेमका जुळण्याची अपेक्षा धरू नका, पुढे-मागे सरकलेला नाही ना एवढंच बघा. वळण ऐंशीच्या पुढे जात असेल तर दिसणारा डोळा, नाक आणि ओठ यांचे मोजकेच बिंदू उरतात आणि कितीही फेऱ्या मारल्या तरी आकडा डगमगतो. असा शॉट असेल तर आम्ही दिग्दर्शकाला शूटिंगच्या दिवशीच सांगतो की मान तेवढी वळवू नका, किंवा तेवढा भाग मागून घ्या.