ॲसिटॅनिलाइडच्या नायट्रेशनमधून बेंझिन समजून घेताना

ठाणे, वाशी, नेरुळच्या कॉलेजांत बीएस्सीला आलेल्या मुलामुलींना बेंझिनची षटकोनी आकृती पाठ असते. पण ब्रोमीन वॉटरचा रंग सायक्लोहेक्झीन लगेच घालवतं आणि बेंझिन घालवत नाही, असं का, हे विचारलं की गाडी अडते. उत्तर एका वजाबाकीत आहे.

सायक्लोहेक्झीनच्या एका दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडला की मोलमागे सुमारे 120 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. बेंझिनमध्ये असे तीन सुटे दुहेरी बंध असते, तर 360 किलोज्यूल मिळायला हवेत. प्रत्यक्षात मिळतात सुमारे 208. म्हणजे बेंझिन आपल्या अपेक्षेपेक्षा जवळपास 150 किलोज्यूल खाली, आधीच स्थिरावून बसलेलं आहे. सहा पाय इलेक्ट्रॉन तीन ठिकाणी अडकून न राहता सगळ्या रिंगवर पसरलेले असतात. म्हणूनच सहाही कार्बन-कार्बन बंधांची लांबी सारखी, 139 पिकोमीटर भरते. एकेरी बंध साधारण 154 आणि दुहेरी 134 चा असतो. दोन केक्युले रचना काढल्या, तरी रेणू त्यांच्यात आलटूनपालटून उड्या मारत नाही. तो कायम एकच असतो.

हे 150 किलोज्यूल पुढच्या सगळ्या अभिक्रियेचा कल ठरवतात. नायट्रेशनमध्ये हल्ला करणारा कण नायट्रिक ॲसिड नसतो, नायट्रोनियम आयन असतो:

`HNO3 + 2 H2SO4 ⇌ NO2+ + H3O+ + 2 HSO4-`

रिंगचे दोन पाय इलेक्ट्रॉन या आयनाला बंध देतात. तो बंध ज्या कार्बनवर बनतो, तो sp3 होतो आणि ॲरोमॅटिकपणा तात्पुरता मोडतो. हीच पायरी सगळ्यांत महाग, म्हणून सर्वांत सावकाश. पुढे दोन वाटा असतात. न्यूक्लिओफाइल जोडला गेला तर ॲरोमॅटिकपणा कायमचा गेला. त्याच sp3 कार्बनवरचा प्रोटॉन निघाला, तर ॲरोमॅटिकपणा परत मिळतो. रिंग दुसरी वाट धरते, आणि बेरजेऐवजी प्रतिस्थापन होतं. पेपरात इथे हमखास एक चूक होते: धन प्रभार sp3 कार्बनवरच दाखवला जातो. तो प्रभार त्या कार्बनच्या ऑर्थो आणि पॅरा जागांवर असतो. Sp3 कार्बनकडे रिकामं p ऑर्बिटल नसतंच.

आता ॲसिटॅनिलाइड घ्या. हल्ला पॅरा जागी झाला, तर एका रचनेत प्रभार नायट्रोजन जोडलेल्या कार्बनवर येतो आणि नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉन जोडी पुढे करून त्याला सावरतो. त्या रचनेत सगळ्या जड अणूंची अष्टकं पूर्ण असतात. मेटा हल्ल्यात प्रभार त्या कार्बनवर कधीच येत नाही. ऑर्थोलाही हा आधार मिळतो, पण ॲमाइड गट शेजारी जागा अडवतो, म्हणून पॅरा जास्त मिळतं.

प्रयोगाला 2 ग्रॅम ॲसिटॅनिलाइड 2 मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये घ्या आणि ढवळत 4 मिली संहत सल्फ्युरिक ॲसिड घाला. मिश्रण तापतं आणि घन विरघळतो. मग बर्फ-मिठात 5 अंशांखाली आणा. आपल्याकडे जुलैतही नळाचं पाणी कोमटच असतं, त्यावर भागत नाही. 0.9 मिली संहत नायट्रिक आणि 0.5 मिली सल्फ्युरिक यांचं थंड मिश्रण थेंबाथेंबाने टाका. तापमान 10 अंशांवर जाऊ देऊ नका, आणि थर्मामीटर बर्फात नव्हे, मिश्रणात बुडवा. मग ते तासभर बाहेर ठेवून साधारण 20 ग्रॅम कुटलेल्या बर्फावर ओता. गॉगल आणि फ्यूम हूड हवेतच. ॲसिडाची बाटली दमट हवेत उघडी ठेवू नका. सल्फ्युरिक ॲसिड हवेतली ओल ओढतं, आणि पाणी वाढलं की वरचा समतोल डावीकडे सरकून नायट्रोनियम कमी होतो.

गाळल्यावर धुणं सोडू नका. धुतलेलं पाणी निळ्या लिटमसला लाल करेनासं होईपर्यंत थंड पाण्याने धुवा. ॲसिड राहिलं, तर गरम अल्कोहोलमध्ये पुन्हा स्फटिकीकरण करताना ॲमाइड तुटून पॅरा-नायट्रोॲनिलीन बनू शकतं. ते गडद पिवळं असतं आणि 148 अंशांच्या आसपास वितळतं. शुद्ध पॅरा-नायट्रोॲसिटॅनिलाइड जवळजवळ रंगहीन असून 215 अंशांच्या सुमारास वितळतं. पिवळा ऑर्थो समघटक थंड अल्कोहोलमध्येच राहतो. वितळणं 190 पासूनच सुरू होऊन लांबत गेलं, तर ऑर्थो किंवा न झालेलं ॲसिटॅनिलाइड उरलंय. आणखी एकदा स्फटिकीकरण करा.

थेट ॲनिलीनच का नाही घेत, हा व्हायव्हातला आवडता प्रश्न. एक तर नायट्रिक ॲसिड ॲनिलीनचं ऑक्सिडेशन करून काळा डांबरासारखा चिखल करतं. दुसरं, तीव्र ॲसिडात ॲनिलीनचा ॲनिलिनियम आयन होतो. त्याच्या नायट्रोजनकडे द्यायला जोडी उरत नाही, आणि सुमारे 47 टक्के उत्पादन मेटा निघतं.