पीएच ३ वरून ७ ला जायचंय? मग या चुका टाळा

कॉलेजात असताना लॅबमध्ये एक लिटर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड न्यूट्रल करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मीटरवर पीएच बरोबर ३, आणि हाताशी ०.१ मोलरचं सोडियम हायड्रॉक्साइड. मी ९ मिली टाकलं, ढवळलं, मीटर ४ वर आला. झालं, डोक्यात लगेच त्रैराशिक सुरू, एका पायरीला ९ मिली, ७ पर्यंत अजून तीन पायऱ्या, म्हणजे २७ मिली. मोजून घेतलं आणि एकदम ओतलं. मीटर ११.४ वर जाऊन बसला आणि मी मीटर बिघडलाय म्हणून तो कॅलिब्रेट करायला घेतला!

मीटर एकदम ओके होता. त्या टप्प्यावर मला २७ नाही, फक्त १ मिली हवं होतं.

ही चूक करणारे खूप जण बघितलेत, आणि गंमत म्हणजे "पीएच लॉगॅरिदमिक असतो, एक युनिट म्हणजे दहापट" हे वाक्य त्या सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतं. पण पाठ असणं वेगळं आणि हातात ब्युरेट असताना ते आठवणं वेगळं.

पहिली चूक: पीएचच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या समजणं

पीएच म्हणजे काय ते आधी अगदी साध्या भाषेत बघू. ॲसिडमध्ये हायड्रोजन आयन किती आहेत ते आपल्याला मोजायचंय. पीएच ३ च्या द्रावणात दर लिटरला ०.००१ मोल, ४ ला ०.०००१, ५ ला ०.००००१ आणि ७ ला ०.००००००१ असं लिहिताना माझंच शून्य इकडचं तिकडं होतं, आणि नेमका हाच त्रास टळावा म्हणून सोरेन्सन या डॅनिश केमिस्टने १९०९ मध्ये हा स्केल आणला. आकडा तोच, फक्त १ हा पॉइंटनंतर कितव्या घरात आहे ते सांगायचं. तिसऱ्या घरात असेल तर पीएच ३, सातव्या घरात असेल तर ७. सूत्रात लिहिलं तर असं:

```
pH = -log10[H+]
```

(काटेकोर व्याख्येत प्रमाणाऐवजी ॲक्टिव्हिटी येते, पण पातळ द्रावणात आपलं काम प्रमाणावर भागतं.)

म्हणजे पीएच एकाने वाढला की १ एक घर उजवीकडे सरकतो, आणि दशांश पद्धतीत एक घर सरकणं म्हणजेच दहावा भाग होणं, शाळेत शिकलेलंच आहे हे. मायनसच्या चिन्हामुळे उलटं चालतं एवढंच, ॲसिड वाढलं की आकडा कमी.

आता माझा तो लिटर परत घ्या. पीएच ३ ला त्यात १ मिलीमोल हायड्रोजन आयन होते. ४ वर यायचं तर ०.१ मिलीमोल उरायला हवेत, म्हणजे ०.९ मारायचे, आणि ०.१ मोलर बेसच्या हिशोबात ते होतात ९ मिली. पुढच्या पायरीला मारायला उरलेत कितीसे? बघा:

३ ते ४ : ९ मिली
४ ते ५ : ०.९ मिली
५ ते ६ : ०.०९ मिली
६ ते ७ : साधारण ०.०१ मिली

टोटल १० मिली, त्यातले ९ पहिल्याच पायरीत संपले. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे ५ ते ६ ची पायरी दोन थेंबांत होते आणि ६ ते ७ साठी तर अख्खा थेंबसुद्धा जास्त आहे, पाचवा भाग पुरतो. ७ वर पोचल्यावर चुकून एक थेंब अजून पडला तर पीएच ८.७ च्या आसपास जातो. टायट्रेशनमध्ये बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एका थेंबात रंग पलटतो, त्यामागे हेच गणित आहे, इंडिकेटरची जादू वगैरे नाही.

आणि माझे ते ११.४ कुठून आले? मी टोटल ३६ मिली टाकलं, हवं होतं १०, २६ मिली बेस जास्तीचा झाला, म्हणजे २.६ मिलीमोल, आता हे सगळे हायड्रॉक्साइड आयन. हिशोब केला की बरोब्बर ११.४ येतं. मीटरने बिचाऱ्याने खरं तेच सांगितलं होतं.

तर उपाय काय, तर पायरी मोजायची नाही, मोल मोजायचे. सध्या किती मोल आहेत, किती उरायला हवेत, दोन्हीची वजाबाकी, मगच मिली. आणि ५ च्या पुढे गेलात की ०.१ मोलरची बाटली बाजूला ठेवून तेच द्रावण शंभरपट पातळ करून घ्या, मग ६ ते ७ ची पायरीही १ मिलीची होते आणि ती हाताने जमण्यासारखी आहे.

सरासरी काढणं, हा दुसरा घोळ

पीएच ३ चं एक लिटर ॲसिड आणि पीएच ५ चं एक लिटर एकत्र केलं तर किती? दहातले सात-आठ जण ४ म्हणतात. पण आयन मोजा ना. पहिल्यात १ मिलीमोल, दुसऱ्यात ०.०१, दोन्ही मिळून १.०१, आणि पाणी आता दोन लिटर, म्हणजे दर लिटरला ०.५०५. पीएच आला ३.३.

म्हणजे ५ वाल्या द्रावणाने ॲसिड म्हणून जवळपास काहीच केलं नाही, त्याने फक्त पाण्याचं काम केलं. त्याच्या जागी साधं डिस्टिल्ड वॉटर घातलं असतं तरी मीटरवर ३.३ च दिसलं असतं. शंभरपट फरक असलेल्या दोन गोष्टींची सरासरी मोठीच्या बाजूलाच झुकणार. त्यामुळे चार सॅम्पलचे पीएच घेऊन त्यांची बेरीज भागिले चार करून रिपोर्टमध्ये लिहू नका, किंवा लिहिलंत तर ती पीएचच्या आकड्यांची सरासरी आहे, सगळी सॅम्पलं एकत्र केल्यावर येणारा पीएच नाही, हे डोक्यात असू द्या.

इथे एक कामाचा आकडा निघतो तो म्हणजे ०.३. आयन निम्मे झाले की पीएच ०.३ ने वाढतो, दुप्पट झाले की ०.३ ने घटतो, कारण २ चा लॉग ०.३०१ आहे. दोन वेळा दुप्पट म्हणजे ०.६. हा एवढा आकडा लक्षात राहिला तर कॅल्क्युलेटरशिवाय बराच अंदाज येतो. आणि यावरून हेही कळतं की ३ आणि ४ च्या बरोबर मधे, ३.५ ला, आयन निम्मे नसतात, साधारण एक तृतीयांशाच्या थोडे खाली आलेले असतात.

०.१ ने काय फरक पडतो?

पडतो. ०.१ युनिट म्हणजे आयनांमध्ये साधारण २६ टक्क्यांचा बदल. औद्योगिक क्रांतीपासून आत्तापर्यंत समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ च्या जवळ आलाय, ऐकायला काहीच नाही वाटत, पण हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून जास्त वाढलेत. रक्ताचं तर अजून नाजूक. नॉर्मल ७.३५ ते ७.४५, आणि ७.४ वरून ७.१ झालं की आयन ४० नॅनोमोलवरून ८० वर जातात, थेट दुप्पट (तेच ०.३ परत). "७.४ चं ७.१ म्हणजे चारच टक्के कमी झालं" असं कोणी म्हणालं तर तो लॉगची टक्केवारी काढतोय, तिला अर्थ नसतो. तसंच "पीएच ४ हा पीएच ८ पेक्षा दुप्पट ॲसिडिक" हेही चूक, फरक चार घरांचा आहे, म्हणजे दहा हजारपट.

पण दहापट कशाचं?

ही चूक मात्र थोडं येणारे लोक करतात, म्हणून जास्त वैताग देते. वरचं सगळं गणित हायड्रोक्लोरिकसारख्या स्ट्राँग ॲसिडचं होतं, ज्यात टाकलेलं सगळंच्या सगळं ॲसिड आयन होऊन मोकळं फिरतं. पीएच फक्त हे मोकळे फिरणारे आयन मोजतो, बाटलीत एकूण ॲसिड किती आहे ते सांगत नाही.

तोच पीएच ३ चा एक लिटर ॲसेटिक ॲसिडचा घ्या. मोकळे आयन तितकेच, १ मिलीमोल. पण ॲसेटिक हे वीक ॲसिड, त्याचे बहुतेक रेणू आयन न सोडता तसेच बसलेले असतात, आणि पीएच ३ गाठायला दर लिटरला ५५ मिलीमोलच्या वर ॲसिड लागतं. तुम्ही बेस टाकून मोकळे आयन मारले की मागे बसलेले रेणू नवे आयन सोडतात. त्यामुळे हायड्रोक्लोरिकला १० मिली पुरलं तिथे इथे तेच ०.१ मोलरचं द्रावण साडेपाचशे मिलीपेक्षा जास्त लागेल. मीटरवर दोन्ही बाटल्या हुबेहूब सारख्या!

पातळ करतानाही तसंच. स्ट्राँग ॲसिड दहापट पातळ केलं की पीएच १ ने चढतो, वीक ॲसिड केलं की साधारण अर्ध्यानेच (०.१ मोलर ॲसेटिक सुमारे २.९, ०.०१ मोलर सुमारे ३.४), आणि पीएच धरून ठेवणारं बफर द्रावण असेल तर जेमतेम हलतो. म्हणून "दहापट" हे नेहमी आयनांबद्दल म्हणायचं, टाकलेल्या ॲसिडबद्दल नाही. कुठलं ॲसिड आहे माहीत नसेल तर वजाबाकीवर विसंबू नका, थोडं सॅम्पल काढून त्याचं टायट्रेशन करा आणि मग पूर्ण लॉटचा हिशोब लावा.

पातळ करत गेलं की ७ ओलांडून बेस होईल असंही काही जणांना वाटतं. नाही होत. पीएच ६ चं ॲसिड शंभरपट पातळ केलं तर ८ नाही येत, ६.९८ च्या आसपास येऊन अडकतं, कारण त्या पातळीवर पाण्याचे स्वतःचे आयन जास्त असतात. आणि पीएच ० म्हणजे ॲसिड शून्य नव्हे बरं का, दर लिटरला १ मोल, भरपूर स्ट्राँग. त्याहून कडक ॲसिडचा पीएच मायनसमध्येही जातो.

शेवटी परत माझ्या त्या लिटरकडे, कारण १० मिली अगदी बरोबर टाकूनही मीटर ७ वर ठरत नाही अशी तक्रार हमखास येते. आता त्यात मिठाचं फिक्कट पाणी उरलेलं असतं, बफर काहीच नाही, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी पीएच हळूहळू खाली सरकतो, हवेत उघडं ठेवलेलं शुद्ध पाणीसुद्धा ५.६ च्या आसपास येतं. आकडा सतत एकाच दिशेने, खाली जात असेल तर बहुतेक हेच कारण. वरखाली उड्या मारत असेल तर इलेक्ट्रोड बघा, आणि तो ७ व ४ च्या बफरमध्ये घालून बघा, २५ अंशांना दोन्हींत साधारण १७७ मिलिव्होल्टचा फरक यायला हवा, एका युनिटला ५९ या हिशोबाने. तेवढा येत असेल तर मीटरला दोष देऊ नका, आणि ७ साठी अजून थेंब तर अजिबात टाकू नका.