म्हाताऱ्या कुत्र्याचे आधी कान जातात, मग डोळे: या चुका टाळा

दहा-अकरा वर्षांचा लॅब हाक मारली तरी मान वळवत नाही, की घरातला शेरा ठरलेला: "हल्ली फार हट्टी झालाय." त्यात दार धपकन लागलं की हाच पठ्ठ्या ताडकन उठतो, म्हणजे आपली हाक तो मुद्दाम टाळतोय असंच वाटतं. म्हातारपणी कुत्र्याला बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि जाड, धपकन होणारे आवाज बरेच दिवस टिकतात. त्यामुळे दार ऐकू येतं, पण आजीची बारीक आवाजातली हाक नाही.

हे असे महिने फार मोलाचे असतात. कान पूर्ण गेलेले नसतात, डोळे अजून काम करत असतात. शिकवायचं ते याच काळात. पुढच्या बहुतेक चुका हा काळ वाया गेल्यामुळे होतात.

कानांची परीक्षा चुकीची घेणं

डोक्यामागे टाळी वाजवली आणि त्याने वळून पाहिलं, म्हणजे ऐकू आलं असं नाही. टाळीने हलणारी हवा त्याच्या मानेला लागते. जमिनीवर ताट आपटलं तर हादरा पंजांना कळतो. तो पाठमोरा किंवा गाढ झोपलेला असताना शेजारच्या खोलीतून बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळा, मग किल्ल्या वाजवा, मग जाड आवाजात हाक मारा, आणि फक्त कानाच्या पाळीकडे बघा. ऐकू येणाऱ्या कुत्र्याचा कान मान वळायच्या आधी हलतो. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा करून बघा. मग डॉक्टरांकडून कानाची नळी आतून तपासून घ्या, कारण साठलेला मळ आणि जुना संसर्ग यांवर उपाय होतो. वयाने गेलेलं ऐकणं मात्र परत येत नाही.

खूण आणि शब्द एकाच वेळी देणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. "बस" म्हणता म्हणता हातही हलवला, तर कुत्रा ओळखीचा शब्दच पकडतो आणि हाताकडे लक्ष देत नाही. दोन महिने असं केल्यावर लोक म्हणतात, "याला खुणा जमत नाहीत."

क्रम असा ठेवा: आधी हाताची खूण, मग साधारण एक सेकंद थांबा, मग शब्द. तो बसला की लगेच खाऊ. नवी गोष्ट आधी आली की ती पुढच्या ओळखीच्या गोष्टीची चाहूल बनते. आठ-दहा वेळा केलं की थांबा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरतात. काही दिवसांनी तो त्या एका सेकंदाच्या मधेच बसायला लागतो. तसं दहापैकी आठ वेळा झालं, की शब्द सोडून द्या.

सुरुवातीला पाचच खुणा घ्या, त्याही एका हाताच्या, कारण दुसऱ्या हातात पट्टा असतो. "बस"साठी तळहात वर करून मांडीपासून छातीपर्यंत न्या. "थांब"साठी तळहात त्याच्यासमोर सरळ धरा. "शाब्बास"साठी अंगठा वर करा आणि एक-दोन सेकंदांत खाऊ तोंडात पडू द्या. अंगठा दाखवून डबा शोधायला गेलात, तर अंगठ्याला काही अर्थ उरत नाही. "ये"ची खूण बहुतेक घरांत छातीकडे हात ओढण्याची असते, आणि वीस फुटांवरून ती "बस"सारखीच दिसते. बोलावलं की कुत्रा जागच्या जागी बसतो, तो यामुळे. "ये"साठी हात खांद्याच्या रेषेत बाजूला पूर्ण पसरा आणि मग मांडीवर आणा.

पाचवी खूण "माझ्याकडे बघ". तिच्याशिवाय बाकीच्या चार वाया जातात, कारण न बघणाऱ्याला खूण दिसणार कशी? ती मागून घ्यायची नाही, मिळवायची. तो आपणहून तुमच्याकडे बघेल त्या प्रत्येक वेळी अंगठा आणि खाऊ. दोन आठवड्यांत त्याला दर थोड्या वेळाने तुमच्याकडे बघायची सवय लागते. मग डोळ्यापाशी बोट नेण्याची खूण तिला जोडा.

लांबून लक्ष वेधायला संध्याकाळी दिवा एकदा बंद-चालू करणं चांगलं. पाय आपटण्याचा सल्ला लाकडी जमिनीच्या घरांतून आलेला आहे. स्लॅबवरच्या लादीवर तो फारसा पोचत नाही. लेझरचा लाल ठिपका मात्र वापरूच नका. काही कुत्रे त्याच्या इतके नादी लागतात की नंतर भिंतीवरच्या प्रत्येक सावलीमागे धावतात.

अजून एक गोष्ट नेहमी राहून जाते. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तर त्याला फक्त काळी आकृती दिसते, आणि पांढऱ्या कुर्त्यासमोर गोरा हात हरवतो. उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे उभे राहा, हात अंगापासून लांब हलवा. आजी तळहात खाली करून बोलावतात, नातू चुटकी वाजवतो, असं घराघरांत असतं. पाचही खुणांची चित्रं फ्रिजवर लावा आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवा.

स्पर्शाच्या खुणा डोळे गेल्यावर शिकवायला घेणं

नजर अधू व्हायला लागली की हातवारे आधी संध्याकाळी निकामी होतात, मग दिवसाही. म्हणून हातवारे पक्के झाले की लगेच तिसरा थर चढवा, त्याच क्रमाने: आधी स्पर्श, मग सेकंदभर थांबून हाताची खूण, मग खाऊ. पाठीच्या शेवटी दोन बोटं टेकवली की "बस". छातीवर तळहात म्हणजे "थांब". हनुवटीखालून एक बोट पुढे ओढलं की "ये". खांद्यावर दोनदा थोपटलं की "शाब्बास". जागा ठरलेल्याच हव्यात. आज पाठ, उद्या कंबर असं झालं की त्याला तो नुसता लाड वाटतो.

झोपेतून उठवणं हा यातलाच नाजूक भाग. बहिऱ्या कुत्र्याला अचानक हात लावला तर तो दचकून चावू शकतो, आणि तो राग नसतो. आधी हात नाकासमोर चार-पाच इंचांवर धरा, वास जाऊ द्या. नाक हललं की खांद्यावर हलका हात ठेवा आणि डोळे उघडताच खाऊ द्या. तो जागा असतानाही याचा सराव करा, म्हणजे "अचानक हात = काहीतरी छान" हे डोक्यात बसतं. लहान मुलांना मात्र झोपलेल्या कुत्र्याजवळ जाऊच देऊ नका.

"वय झालं" म्हणून डोळे सोडून देणं

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाहुलीत निळसर धूर दिसतो, तो बहुधा भिंगाचा वयोमानाने आलेला घट्टपणा असतो. त्याने नजर फारशी जात नाही. दुधासारखा पांढरा डाग हा मोतीबिंदू असू शकतो. त्याच्या जोडीने पाणी खूप पिणं आणि लघवी वाढणं असेल तर रक्तातली साखर तपासा, कारण मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू लवकर होतो. आणि कुत्रा दोन दिवसांत धडकायला लागला, किंवा डोळा लाल, फुगलेला, दुखरा दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यातला दाब वाढला असेल तर काही तासांचा उशीरही नजर घेऊन जातो. गोचीड-तापातही डोळ्यांत रक्तस्राव होऊ शकतो.

घर आपल्या उंचीवरून बघणं

दोन बेडरूमचा फ्लॅट धरा. हॉलच्या कोपऱ्यात अंथरूण, स्वयंपाकघराच्या दाराशी पाणी, समोर मुख्य दार. गुडघ्यांवर बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, या तीन जागांमध्ये एकदा रांगत जा. टीपॉयची टोकं, टेबलाचे पाय, लोंबणारी चार्जरची वायर हे सगळं तेव्हा दिसतं. टोकांना एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम चिरून बसवा.

मग जमीन बोलकी करा. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत दीड-दोन फूट रुंद, न घसरणारी चटई सलग टाका. गुळगुळीत लादीवर अंध कुत्रा पाय रोवायला घाबरतो. पाण्याखाली रबरी मॅट ठेवा. जिन्याच्या किंवा पायरीच्या आधी काथ्याचं खरखरीत पायपुसणं टाका, निदान दोन फूट लांबीचं. एक फुटाचं चालत नाही: पुढचे पंजे खरखरीवर पडून कुत्रा थांबेपर्यंत आणखी एक पाऊल पडतं, आणि ते पाऊल पायरीवरून खाली जातं. तेच पायपुसणं दुसरीकडे कुठेही वापरू नका, नाहीतर त्याचा अर्थ बुडतो.

अर्धवट उघडं दार सगळ्यात वाईट. त्याची कड नेमकी डोळ्यांच्या मध्ये लागते. दार एकतर सताड उघडं ठेवून अडकवा, नाहीतर बंद. ओढलेली खुर्ची, पुसायची बादली, शाळेचं दप्तर, वाटेतल्या चपला: रोजच्या धडका याच देतात. गॅलरीच्या गजांमधून डोकं जात असेल तर जाळी लावा.

वासाच्या खुणांचा उत्साह आवरा. प्रत्येक कोपऱ्यात अत्तर लावलं की घर म्हणजे नुसता गोंधळ. फार तर एक वास, तोही फक्त मुख्य दारापाशी. रोज फिनेलने लादी पुसल्यावर तो टिकणार नाही हेही लक्षात घ्या. पार्लरमध्ये मिशा कापू देऊ नका; धडकण्याआधी भिंत कळायला त्याला त्यांची मदत होते.

हरवला की उचलून नेणं

कुत्रा गोंधळून उभा राहिला की लोक त्याला उचलून हव्या त्या जागी ठेवतात. आपण कुठून कुठे आलो हे त्याला कळत नाही आणि डोक्यातला नकाशा पुसला जातो. त्याला हार्नेसला धरून हळूहळू अंथरुणापर्यंत चालवत न्या आणि तिथून पुन्हा सुरुवात करू द्या. उचलावंच लागलं, तर नेहमी अंथरुणावरच ठेवा, तोंड दरवेळी त्याच दिशेला. जेवण आणि फिरणं घड्याळाप्रमाणे, रस्ता तोच, तो तुमच्या त्याच बाजूला. बाहेर पट्टा चार-पाच फुटांचा, आणि गळ्यात "ऐकू येत नाही, दिसत नाही" असं लिहिलेला बिल्ला, त्यावर फोन नंबर.

गणपतीत मखरासाठी सोफा हलतो, दिवाळीत जमिनीवर पणत्या येतात. सोफा हलवायचाच असेल तर अंथरूण-पाणी-दार ही वाट तशीच राहू द्या. पणत्या उंचावर ठेवा.

एवढं करूनही तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहत असेल, बिजागरीच्या बाजूने दार उघडायची वाट बघत असेल, रात्रभर येरझाऱ्या घालत असेल, तर घराची मांडणी पुन्हा पुन्हा बदलत बसू नका. ही लक्षणं म्हाताऱ्या मेंदूची असू शकतात, आणि वारंवार बदलणाऱ्या घराने ती वाढतात. अशा वेळी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. क्लिनिकच्या टेबलावर तो यातलं काहीच करणार नाही.