हेअरवर्क्स लावलं आणि गेम अडखळायला लागला? या चुका टाळा

'विचर ३'मध्ये हेअरवर्क्स, म्हणजे एनव्हिडियाचं खरेखुरे वाटणारे केस दाखवणारं तंत्र, चालू केलं आणि फ्रेम कोसळल्या, की बहुतेकांचा हात आधी टेक्स्चरकडे जातो. ही पहिली चूक. टेक्स्चर कार्डाची मेमरी खातात; मेमरी पुरत असेल तर ते उतरवून वेग फारसा वाढत नाही. तपकीर गल्लीत नवं कार्ड बघायला निघण्याआधी टेसलेशन आणि केसांच्या कडा गुळगुळीत करणारं अँटी-अलायझिंग बघा.

प्रत्येक केस म्हणजे एक वक्र रेषा. टेसलेशन तिचे तुकडे करतं, डायरेक्टएक्स ११ मध्ये जास्तीत जास्त ६४. पण कार्ड २×२ पिक्सेलच्या चौकटीत रंगवतं, त्यामुळे जेमतेम एक पिक्सेल व्यापणाऱ्या तुकड्यालाही चार पिक्सेलचं काम पडतं. म्हणून १०८०p वर ६४ चे १६ केले तरी डोळ्याला फरक कळत नाही, कार्डाला मात्र कळतो.

रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये `Tessellation Mode` हे `Override application settings` वर ठेवून कमाल पातळी १६ करा, फार तर ८. हे फक्त त्या गेमच्या प्रोफाइलमध्ये करा. सरसकट लावलंत तर दुसऱ्या गेममधल्या उठावदार दगडी भिंती सपाट दिसू शकतील. हा स्विच डायरेक्टएक्स ११ साठी आहे, त्यामुळे डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर लाँचरमध्ये १२ निवडलं असेल तर त्यावर विसंबू नका. एनव्हिडियावाल्यांनी गेममधला `HairWorks Preset` खाली आणावा.

अँटी-अलायझिंग ८ वर असेल तर ४ करा. २ वर केसांच्या कडा कुसळासारख्या दिसतात, ० वर तर बघवत नाही.

दुसरी चूक मोजण्यातली. घोड्यावरून मोकळ्या माळावर मोजू नका. तिथे केस पडद्यावर नखाएवढे असतात. गेमचा नायक गेराल्ट, त्याची पाठ भिंतीला लावा, कॅमेरा आपोआप जवळ येतो. तिथेच सेव्ह करून प्रत्येक बदलानंतर तीच जागा तपासा. हिशोब मिलिसेकंदांत ठेवा: सेकंदाला ६० फ्रेमच्या ५० झाल्या तर प्रत्येक फ्रेममागे ३.३ मिलिसेकंद गेले, १०० च्या ९० झाल्या तर १.१ च. दोन्हीकडे 'दहा फ्रेम'च दिसतात. आणि पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी लॅपटॉप तापून स्वतःच मंदावतो. सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडू नका.

परवडतं कधी? गेराल्ट सतत समोर असतो, म्हणून 'फक्त गेराल्ट' हा पर्याय तीन-चार मिलिसेकंदांना पटतो. सगळ्यांचे केस चालू केले, तर लांडग्यांचा कळप अंगावर येतो तेव्हाच गेम अडखळतो, आणि त्या धांदलीत त्यांची आयाळ बघतो कोण?

कापडाच्या सिम्युलेशनचं दुखणं वेगळं. ते बऱ्याचदा प्रोसेसरवर चालतं. रिझोल्युशन ७२०p करूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडचण कार्डात नाही. ज्या गेममध्ये कापडाची वेगळी सेटिंग आहे, तिथे ती एक पायरी उतरवून परत मोजा.