एलिंगहॅम आकृतीवरून क्षपणक निवडताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला मी बारावी आणि बीएस्सीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. धातुकापासून धातू मिळवण्याच्या धड्यात प्रश्न साधारण एकाच साच्याचा येतो: आकृती दिलेली असते, ऑक्साइड दिलेलं असतं, आणि कोणता क्षपणक कोणत्या तापमानापासून चालेल ते सांगायचं असतं. मुलं आकृती पाठ करून येतात, तरीही उत्तर चुकतं. चुका ठरावीक असतात आणि बहुतेक चुका ऋण चिन्हाच्या किंवा बेरजेच्या नसतात. कोणती रेषा घ्यायची आणि ती नेमकं काय सांगते, इथेच घोटाळा होतो. म्हणून इथे एकच धातू शेवटपर्यंत धरतो, जस्त. घणसोली-रबाळ्याकडून येणारी मुलं ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला जे करडे गॅल्व्हनाइज्ड कठडे बघत येतात त्यांवर जस्ताचाच थर असतो, आणि आकृती वाचण्यातल्या जवळजवळ सगळ्या चुका या एका धातूत भेटतात.

आधी पाया. हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी 1944 मध्ये मांडलेल्या या आलेखात आडव्या अक्षावर तापमान असतं आणि उभ्या अक्षावर धातूचं ऑक्साइड तयार होतानाचा मुक्त ऊर्जेतला बदल, म्हणजे ΔG°. रेषा जितकी खाली तितकं ऑक्साइड पक्कं. एखाद्या तापमानाला ज्याची रेषा खाली आहे तो पदार्थ वरच्या रेषेवरच्या ऑक्साइडचा ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. खालच्या रेषेच्या आकड्यातून वरच्या रेषेचा आकडा वजा केला की त्या क्षपणाची ΔG° मिळते, आणि ती ऋण आली पाहिजे.

ऑक्साइडच्या मोलवर तुलना करू नका

कोष्टकातून आकडे उचलून थेट तुलना करणं ही पहिली चूक. 25 °C ला एक मोल Al₂O₃ तयार होताना ΔG° सुमारे −1582 kJ असते, आणि एक मोल MgO तयार होताना −569 kJ. हे दोन आकडे शेजारी मांडले की कुणालाही वाटेल, ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड कितीतरी पक्कं, म्हणजे ॲल्युमिनिअम मॅग्नेशिअमचा ऑक्सिजन सहज ओढून घेईल. प्रत्यक्षात या तापमानाला नेमकं उलट आहे. जांभळी नाक्यावर एकाने अर्ध्या किलोचा भाव सांगावा, दुसऱ्याने दीड किलोचा, आणि आपण दोन्ही आकड्यांवरून स्वस्त-महाग ठरवावं, तसं हे होतं. एका Al₂O₃ मध्ये दीड मोल O₂ अडकलेला आहे, एका MgO मध्ये फक्त अर्धा.

म्हणून प्रत्येक अभिक्रिया एक मोल O₂ वर आणायची. ॲल्युमिनिअमसाठी −1582 ला 2/3 ने गुणा: −1055 kJ. मॅग्नेशिअमसाठी −569 ची दुप्पट: −1138 kJ. आता मॅग्नेशिअम खाली आलं आणि उत्तर सरळ झालं. छापलेल्या आकृतीत हे आधीच केलेलं असतं, त्यामुळे ही चूक तिथे होत नाही. ती होते गणितात, कोष्टक हातात असताना. माझा आग्रह असा की आकडा लिहिण्याआधी समीकरण लिहा आणि त्यात O₂ च्या आधी 1 आहे का ते बघा.

कार्बनच्या तीन रेषा आहेत, त्यातली कोणती?

आकृतीत कार्बनशी संबंधित तीन रेषा असतात. कार्बनपासून CO₂ ही जवळजवळ आडवी, −394 kJ च्या आसपास. कार्बनपासून CO ही उजवीकडे खाली उतरणारी, कारण एक मोल वायू खर्च होऊन दोन मोल वायू तयार होतो आणि एन्ट्रॉपी वाढते. CO पासून CO₂ ही धातूंच्या रेषांसारखी वर चढणारी. पहिल्या दोन साधारण 700 °C ला एकमेकींना छेदतात, आणि त्याहून जास्त तापमानाला उतरणारी रेषा खाली असते.

गेल्या चाचणीत ऐरोलीच्या एका मुलीने जस्तासाठी आडवी रेषा वापरली आणि कार्बन 1060 °C च्या पुढे चालेल असं उत्तर काढलं. तिचं गणित बिनचूक होतं, रेषा चुकीची होती. त्या तापमानाला कार्बन CO₂ वर थांबत नाही, CO तयार होतो, म्हणून उतरणारी रेषाच घ्यायला हवी. तिच्या शेजारच्याने तिसरी रेषा घेतली आणि 1330 °C सांगितलं. त्याच्या उत्तरातून मात्र एक खरी गोष्ट कळते: भट्टीत नुसता CO जस्ताच्या ऑक्साइडशी भिडून उपयोग नाही, घन कार्बन भरपूर हवा. तयार होणाऱ्या CO₂ ला तो कार्बन परत CO करत राहतो. जस्ताच्या रिटॉर्टमध्ये, म्हणजे मिश्रण तापवायच्या बंद भांड्यात, कोळसा गरजेपेक्षा जास्त भरतात तो यासाठी.

मोडलेली रेषा सरळ ओढू नका

जस्त 420 °C ला वितळतं आणि 907 °C ला उकळतं. या दोन्ही ठिकाणी त्याची रेषा मोडते. वितळण्याचा मोड इतका बारीक असतो की आलेखावर दिसत नाही, पण उकळण्याचा ठळक असतो. त्यानंतर अभिक्रियेत जस्ताची वाफ खर्च होते, एन्ट्रॉपी जास्त घटते आणि रेषा एकदम उभी चढू लागते. मुलं पट्टी ठेवतात आणि जुन्याच उताराने रेघ पुढे नेतात.

यातून किती फरक पडतो ते आकड्यात बघू. T केल्व्हिनमध्ये आणि सगळं kJ मध्ये, एक मोल O₂ साठी, अंदाजे असं:

```
2Zn(द्रव) + O2 → 2ZnO   ΔG° = −709 + 0.214 T
2Zn(वाफ) + O2 → 2ZnO    ΔG° = −921 + 0.394 T   (1180 K च्या वर)
2C + O2 → 2CO           ΔG° = −223 − 0.175 T
```

1180 K ला पहिल्या दोन समीकरणांचं उत्तर सारखंच, −456 kJ, आलं पाहिजे. तसं आलं नाही तर कुठलातरी आकडा चुकीचा उतरवला आहे. मी ही पडताळणी प्रत्येक वेळी करतो, तिला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता वाफेची रेषा आणि CO ची रेषा जिथे भेटतात ते तापमान: 698 भागिले 0.569, म्हणजे 1227 K, साधारण 954 °C. द्रवाचीच रेषा पुढे ओढली असती तर 976 °C आलं असतं. फरक छोटा, म्हणून कुणी म्हणेल चालून जाईल. पण 1200 °C ला, म्हणजे 1473 K ला, काय होतं बघा. CO ची रेषा −481 वर आहे, वाफेची −341 वर, आणि क्षपणाची ΔG° येते −140 kJ. द्रवाची चुकीची रेषा तिथे −394 दाखवते आणि उत्तर येतं फक्त −87. प्रेरक जोर साधारण साठ टक्केच दिसतो आणि मुलं लिहितात की अभिक्रिया जेमतेम पुढे जाईल. वाफ निघून जाणं हीच जस्ताच्या क्षपणाची मोठी ताकद आहे, आणि सरळ रेघेत तीच हरवते.

यात एन्ट्रॉपी J मध्ये आणि एन्थाल्पी kJ मध्ये राहून जाणं, किंवा T च्या जागी सेल्सिअस घालणं, या चुका होतातच. उत्तर काही लाख kJ आलं तर बहुधा पहिली झालेली असते.

°ची खूण विसरू नका

954 °C हा आकडा प्रमाण स्थितीचा आहे: जस्ताची वाफ 1 बार आणि CO ही 1 बार. बंद रिटॉर्टमध्ये एकूण दाबच साधारण 1 बार असतो आणि दोन्ही वायू समसमान तयार होतात, म्हणजे प्रत्येकी अर्धा बार. मग ΔG° मध्ये RT ln Q मिळवावं लागतं. 2ZnO + 2C → 2Zn + 2CO साठी Q म्हणजे 0.5 चा चौथा घात, आणि ही भर येते −0.023 T. समीकरण सोडवलं की 1179 K मिळतात, म्हणजे 906 °C. प्रमाण स्थितीचा छेदनबिंदू जवळपास पन्नास अंशांनी खाली आला. दाब आणखी कमी ठेवला तर तो अजून उतरेल.

तरीही भट्ट्या 900 ला चालवत नाहीत, 1100 च्या वर नेतात. आकृती फक्त शक्यता सांगते, वेग सांगत नाही. कार्बन आणि CO₂ ची अभिक्रिया 900 च्या आसपास सुस्त असते आणि तीच सगळ्याला मागे ओढते. पेपरात प्रत्यक्ष वापरायचं तापमान विचारलं असेल तर छेदनबिंदू लिहून थांबू नका, त्याच्या वर का जावं लागतं ते एका वाक्यात लिहा.

खाली येतानाही आकृती वाचा

ही चूक पुस्तकी प्रश्नांत फारशी दिसत नाही, पण प्रत्यक्षात जस्त बनवणाऱ्यांना शतकानुशतकं हिनेच छळलं. गरम असताना जी अभिक्रिया पुढे जाते ती थंड होताना मागे फिरते. वाफ खाली आणताना छेदनबिंदू पुन्हा ओलांडावाच लागतो आणि जस्त पुन्हा ऑक्सिडाइज होऊ लागतं. त्यात CO सोबतची उलट अभिक्रिया मंद असते, CO₂ सोबतची झपाट्याने होते. म्हणून वायूत CO₂ किती आहे यावर सगळं ठरतं.

बिघाड ओळखायची खूण डोळ्यांना दिसते. कंडेन्सरमध्ये चकचकीत द्रव जस्त साचण्याऐवजी निळसर करडी भुकटी जमते. तिला ब्लू पावडर म्हणतात. ते जस्ताचे बारीक थेंबच असतात, पण प्रत्येकावर ऑक्साइडचं पातळ कवच चढल्यामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत. भुकटी वाढली तर दोन गोष्टी तपासायच्या: मिश्रणात कार्बन पुरेसा आहे का, आणि वाफ मधल्या तापमानात रेंगाळते आहे का.

राजस्थानात उदयपूरजवळ जावरला मध्ययुगात हा प्रश्न मातीच्या रिटॉर्टनी सोडवला होता. वांग्याच्या आकाराचे 36 रिटॉर्ट भट्टीत उलटे लावायचे, मानेत एक काडी खोचलेली असायची म्हणजे मिश्रण खाली पडत नसे. काडी जळून गेली की तिच्या जागी वाफेला वाट होई. वर आग, खाली थंड कप्पा, आणि वाफ हवा न लागता थेट खाली उतरे. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या एव्हनमथला झोतभट्टीतून जस्त काढायचं ठरलं तेव्हा अडचण आणखी मोठी होती, कारण त्या वायूत CO₂ बराच असतो. तिथे सुमारे 1000 °C चा वायू वितळलेल्या शिशाच्या फवाऱ्यातून नेला. क्षणात तो साडेपाचशेच्या आसपास येतो आणि जस्त शिशात विरघळतं, उलट फिरायला त्याला वेळच मिळत नाही. शिसं पुढे आणखी थंड केलं की जस्त वेगळं होऊन वर तरंगतं. एवढं करूनही थोडी भुकटी उरतेच, ती पुन्हा भट्टीत घालतात.