सिम हरवलं आणि बेटिंग अकाउंटचा नंबर बदलायचाय? या चुका टाळा

सिम हरवलं की पहिली धावपळ होते ती अकाउंटमधल्या बॅलन्ससाठी, आणि त्या घाईतच लोक अकाउंट लॉक करून बसतात. माझ्या एका मित्राचं अगदी असंच झालं. फोन चोरीला गेला, सिम त्यातच. त्याने त्याच रात्री नवा फोन घेतला, त्यात दुसऱ्याच नंबरचं सिम टाकलं, मग पासवर्ड रिसेट, लगेच ईमेल बदलला, लगेच नंबर बदलला आणि वर सगळा बॅलन्स काढायची रिक्वेस्ट टाकली, हे सगळं अर्ध्या तासात. अकाउंट गोठलं. त्याला वाटलं साइटवाले पैसे खायला बसलेत, पण जरा त्यांच्या बाजूने बघा ना, दुसऱ्याच्या नंबरवर डुप्लिकेट सिम काढून अकाउंट लुटणारा माणूस नेमकं हेच करतो, याच क्रमाने.

म्हणजे नंबर बदलल्यामुळे सहसा लॉक लागत नाही. नवा फोन, नवा पासवर्ड, नवा ईमेल, नवा नंबर आणि वर पैसे काढणं, हे सगळं एकदम आलं की लागतं.

म्हणून आधी अकाउंटला हातच लावू नका. आधी सिम कंपनीला सांगून जुनं सिम बंद करा आणि तोच नंबर परत घ्या. नंबर तोच राहिला तर बऱ्याचदा अकाउंटमध्ये काही बदलावंच लागत नाही, हे कितीतरी जणांच्या डोक्यातच येत नाही.

आता इथे एक गंमत आहे. नवं सिम चालू झालं, कॉल लागतात, नेटही चालतं, तरी ओटीपी येत नाही. काही ठिकाणी सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी काही तास, कधी पूर्ण एक दिवस मेसेज बंद ठेवतात. हे माहीत नसलेला माणूस रिसेंड, रिसेंड, रिसेंड करत बसतो, आणि प्रत्येक रिसेंडला साधारणपणे आधीचा कोड बाद होतो. मग कधीतरी चार कोड एकदम येऊन पडतात, तेही उलटसुलट क्रमाने, माणूस वरचा टाकतो, चुकतो, दुसरा टाकतो, तोही चुकतो, आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा संपते. तेव्हा आधी बँकेचा किंवा कुणाचाही साधा एसएमएस येतोय का बघा. येत नसेल तर थांबा. येत असेल तर एकदाच कोड मागवा आणि तोच टाका.

ईमेलचंही तेच. ईमेलचा रिकव्हरी नंबर हरवलेल्या सिमचाच असेल तर आधी ईमेल सुरक्षित करा, कारण साइटवाल्यांशी बोलायचा तोच एक भरवशाचा रस्ता उरतो. आणि कुठल्या जुन्या फोनवर, लॅपटॉपवर अकाउंट लॉगिन राहिलं असेल तर कृपा करून लॉगआउट करू नका! ओळखीच्या डिव्हाइसवरून, नेहमीच्या नेटवरून, व्हीपीएन बंद ठेवून केलेला बदल कमी संशयास्पद दिसतो.

जुना नंबर मिळणारच नसेल तर साइटवरच दिलेल्या सपोर्टच्या पत्त्यावर लिहा, नोंदवलेल्या ईमेलवरूनच. सर्चमध्ये सापडलेल्या कस्टमर केअर नंबरवर अजिबात फोन करू नका, तिथे ओटीपी मागणारे भामटे बसलेले असतात, खरा सपोर्ट ओटीपी किंवा पासवर्ड विचारत नाही. लिहिताना सिम कधी गेलं, जुना नंबर कोणता, नवा कोणता, शेवटचं डिपॉझिट कधी आणि कशाने केलं एवढं एकाच मेलमध्ये द्या. नवा नंबर तुमच्याच नावावर असलेला बरा, बायकोच्या किंवा भावाच्या नावावरचा दिला तर केवायसीशी नाव जुळत नाही आणि परत चौकशी. एकच तिकीट ठेवा, रोज नवीन टाकलं की प्रकरण वेगवेगळ्या माणसांकडे फिरत राहतं.

मित्राने शेवटी काय केलं माहितीये? लॉक असताना दुसरं अकाउंट उघडलं. एका माणसाला एकच अकाउंट हा नियम जवळपास सगळीकडे असतो, त्यामुळे कागदपत्रं जुळल्यावर दोन्ही अडकली. मग ओळखपत्र, ते हातात धरून काढलेला सेल्फी आणि सिम बदलल्याची पावती दिली, दुसरं अकाउंट का उघडलं तेही सरळ लिहिलं, तेव्हा नवव्या दिवशी पहिलं सुरू झालं, दुसरं कायमचं बंद. (स्वतःहूनच खेळण्यावर बंदी घालून घेतली असेल तर ते मात्र नंबर बदलून उघडत नाही, तो लॉक वेगळाच.)

आणि नंबर बदलून झाला की पैसे काढायला लगेच धावू नका. बऱ्याच साइट्स तपशील बदलल्यावर एक ते तीन दिवस विड्रॉल थांबवतात, त्यात रिक्वेस्ट पेंडिंग दिसली म्हणून रद्द करून परत टाकत बसलात तर कधीकधी रांगेत पुन्हा शेवटी जाता.