जुना कीबोर्ड घेताना पैसे देण्याआधी ही चाचणी करा

जुन्या मेकॅनिकल कीबोर्डचं मेलेलं बटण लगेच कळतं, पण एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटणं (चॅटर) घरी आल्यावरच लक्षात येतं.

१. लॅपटॉप सोबत न्या. ब्राउझरमध्ये config.qmk.fm/#/test उघडा आणि प्रत्येक बटण एकदा दाबा. ज्याचा रंग बदलत नाही, ते मेलेलं.

२. आता नोटपॅड उघडा. चॅटर टेस्टरच्या रंगात दिसेलच असं नाही, इथे मात्र लपत नाही. एकेक अक्षर दहा वेळा सावकाश दाबा. अकरा उमटली तर स्विच गेला. जास्त वापराची बटणं, म्हणजे E, A, स्पेस, एंटर, बॅकस्पेस, हलक्या हातानेही दाबून बघा, कारण दोष बरेचदा तेव्हाच उघडा पडतो.

३. एक अक्षर दाबून धरा. ओळ सलग वाढायला हवी. मध्येच थांबली तर संपर्क तुटतोय.

हॉट-स्वॅप कीबोर्ड असेल तर एखादा खराब स्विच सहज बदलता येतो, तेवढी किंमत कमी करून घ्या. सोल्डर केलेला असेल तर मी सोडून देईन.

Fn बटण बहुतेक टेस्टरमध्ये दिसतच नाही, त्याला मेलेलं समजू नका. ते आवाजाच्या किंवा ब्राइटनेसच्या बटणासोबत दाबून तपासा.